बँकेकडची तक्रार मराठीत लिहावी की इंग्रजीत?

चाटीगल्ली: नवी पेठेत चादरी घेतल्या, क्यूआर स्कॅन करून १,८५० रुपये दिले. माझ्या खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. बँकेला मराठीत सविस्तर मेल केला, तर "अधिक तपशील द्या" एवढंच उत्तर आलं. इंग्रजीतच लिहायला पाहिजे होतं का?

होटगीरोड: इंग्रजीच. मेल उघडणारा कुठल्या राज्यात बसलाय कुणास ठाऊक. माझा भाचा इंग्रजीत लिहितो, त्याची कामं होतात.

निवृत्त कॅशियर: तुमचा भाचा बहुतेक यूटीआर लिहित असेल. तपासणारा आधी तो बारा अंकी नंबर टाकून व्यवहार शोधतो, मजकूर नंतर वाचतो. म्हणून नंबर पहिल्या ओळीत, आणि इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे तिथे शोधून सापडतीलच असं नाही. महिना अक्षरांत लिहा, कारण 05/06 म्हणजे मे की जून यावरून घोळ होतो. खाली मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, फक्त वाक्यं लहान ठेवा:

"यूटीआर (बारा अंक), ५ जून, संध्याकाळी ७:२०, रु. १,८५०. दुकानाचा क्यूआर स्कॅन केला. पैसे माझ्या खात्यातून वजा झाले. दुकानदाराला मिळाले नाहीत. अ‍ॅपवर 'Pending' दिसतं. रक्कम परत जमा करावी."

"पैसे अडकले" असं लिहू नका. कुठून गेले आणि कुठे पोचले नाहीत, हे त्यातून कळत नाही. स्क्रीनवरचा इंग्रजी शब्द मात्र जसाच्या तसा उतरवा.

विजापूररोड: माझं वीजबिल दुप्पट आलंय, तेही असंच लिहू का?

निवृत्त कॅशियर: तिथे यूटीआर नसतो. ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना आणि मीटरचं आजचं रीडिंग द्या, फोटोसकट.

अक्कलकोटरोड: उशीर झाला की रोज १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पहिल्या दिवसापासूनचे मागा!

निवृत्त कॅशियर: नियम आहे, पण पहिल्या दिवसापासून नाही. दुकानदाराला केलेलं पेमेंट फसलं, तर बँकेला व्यवहारानंतर पाच दिवस मिळतात. १०० रुपये त्यापुढच्या दर दिवसाचे. माणसाने माणसाला पाठवले असतील तर मुदत एकच दिवसाची. जास्त मागितलंत की मूळ मागणीही वादात सापडते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चंदीगडच्या केंद्रात पत्राने किंवा मेलने केलेली तक्रार कुठल्याही भाषेत घेतात. तिथे मराठीत लिहायला कचरू नका, मात्र बँकेकडच्या तक्रारीचा क्रमांक जोडा.

होटगीरोड: लोकपालाचं ठीक आहे हो, पण बँकेतल्या पहिल्या माणसाला मराठी येत नसेल तर? निदान विषयाची ओळ तरी इंग्रजीत असावी.

निवृत्त कॅशियर: विषयात "UPI", यूटीआर आणि रक्कम घाला, ते कुणालाही वाचता येतं. त्याखालच्या मजकुरासाठी मी तरी इंग्रजीचा आग्रह धरणार नाही. ज्या भाषेत आपल्याला घटनाक्रम न चुकता सांगता येतो, त्याच भाषेत लिहावं.

होटगीरोड: मला नाही पटत. मी दोन्ही भाषांत लिहीन.

चाटीगल्ली: यूटीआर पहिल्या ओळीत घेऊन मराठीतच पुन्हा पाठवला. तक्रार क्रमांक आलाय, पैसे अजून नाहीत.