अनुभव धागा: आजोळच्या घरातला चित्रपट आणि न जुळलेला शेवट

पडवी: गुहागरजवळच्या आमच्या आजोळी माजघरावरचे काचेचे कौल काढून साधे बसवल्याचे मामीने काल सांगितले, आणि मी व मामेभावाने त्या घरात केलेला लघुपट आठवला. मोबाइल, तिपाई, कॉलरला लावायचा स्वस्त माइक आणि उजेड परतवायला थर्मोकोलचा तक्ता, एवढ्यावर तो झाला. नातवंडे मुंबईला परतल्यानंतरचा आजीचा दिवस, इतकीच गोष्ट होती. तिन्हीसांजेला आजीने दाराला कडी घालावी आणि तिथे चित्रपट संपावा, असे माझे मत होते. भावाला शेवटी आजी ताक घुसळताना हवी होती. त्यावरून आम्ही ओटीवर रात्री उशिरापर्यंत भांडलो. आजीने दोन्ही दृश्ये दिली, मात्र कडीचे दृश्य दुपारी घ्यावे लागले, कारण दिवेलागणीची वेळ ती देवाखेरीज कोणाला देत नसे. नंतर ते चित्रण गडद आणि निळसर केले, तरी काचेच्या कौलातून पडलेला उन्हाचा चौकोन जात्याशेजारी लख्ख दिसत राहिला. तुम्ही घरच्यांबरोबर असे काही केले असेल, तर शेवट कसा ठरवलात ते जरूर लिहा.

बाभूळ: आमच्याही घराचा शेवट असाच वादात अडकला आहे. सातबाऱ्यावर सहा चुलत भावांची नावे आहेत आणि एकाची सही मिळत नाही. तुमच्यात निदान बोलणे झाले, हे वाचून बरे वाटले.

पडवी: बाभूळ, मी चित्रपटाच्या शेवटाविषयी विचारले होते, पण तुमची अडचण समजते. सही लवकर मिळो.

दुपारपाळी: संध्याकाळी घरातले दिवे लावून पुन्हा चित्रण करायचे होते. फक्त सेकंदाला २४ चित्रे ठेवावी लागतात, नाहीतर ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात.

कातरपेटी: पट्टे दिसतात हे खरे आहे, पण त्याचे कारण २४ हा आकडा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवले की पट्टे जातात. मोबाइल आपोआप शटर बदलत राहतो आणि तिथेच घात होतो.

उन्हाच्या चौकोनाचे सांगायचे, तर दुपारची संध्याकाळ करता येते, पण चौकटीत थेट ऊन असून चालत नाही. ऊन पडलेली जागा अंधाऱ्या माजघरापेक्षा कितीतरी पट उजळ असते. ती विझेपर्यंत चित्र उतरवले, तर त्याआधी आजीचा चेहराच नाहीसा होईल. त्या कौलावर गोणपाट टाकले असते, तर दृश्य वाचले असते.

खळं: मी तोच मामेभाऊ. पावसाळ्याच्या तोंडावर एक कौल फुटले तरी खाली गळती ठरलेली, त्यामुळे आजोबांनी आम्हाला वर चढू दिले नसते. फार तर आतून वाशांना घोंगडी बांधता आली असती. पण ताई, माझा आक्षेप उजेडाला नव्हताच. तू सुट्टीपुरती यायचीस, म्हणून मागे बंद होणारे दार तुला शेवट वाटते. मी त्याच घरात वाढलो. तुमची एसटी वळणाआड गेली की आजी पदराने डोळे पुसायची आणि लगेच रवीची दोरी हातात घ्यायची, कारण आदल्या रात्रीचे विरजण कोणासाठी थांबत नाही. ते दार दिवसभर उघडेच असायचे.

पडवी: तू सकाळचे सांगतो आहेस आणि मी रात्रीचे. रात्री त्या आठ खणांच्या घरात दोनच माणसे उरायची, हेही खरेच होते.

ओवी: आजींनी स्वतः कोणता शेवट निवडला होता?

खळं: तिने दोन्ही पाहिले आणि ताक घुसळताना आपला पदर नीट नाही, एवढेच म्हणाली.

कातरपेटी: रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह यांचा जुना प्रयोग इथे उपयोगी पडेल. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपच्या थाळीला आणि एकदा शवपेटीला जोडला, आणि पाहणाऱ्यांना त्यात एकदा भूक, एकदा दुःख दिसले, असे सांगितले जाते. आजींच्या चेहऱ्याचेही तसेच होईल. एसटीच्या हॉर्ननंतर तो लावला तर एकटेपणा दिसेल, रवीच्या आवाजानंतर लावला तर कामाची लगबग दिसेल. म्हणून कडीचे दृश्य गाळावे, फक्त चेहरा ठेवावा आणि रवीचा आवाज चित्र काळे झाल्यावरही चालू राहू द्यावा.

पडवी: हे मला पटते आहे, पण चित्र काळे होण्याआधी कडीचा आवाज यावा, असे अजूनही वाटते.

खळं: कडी नको. रवीचा आवाज वेगळा घेतलेला आहे, पण त्यात शेजारच्या वाडीतला पंप ऐकू येतो. पंप थांबल्यानंतरचा जो तुकडा स्वच्छ आहे, तो आज रात्री पाठवतो.