डोळ्यांत गुलाबपाणी आणि डोळ्यांवर टी-बॅग : टिळकवाडीतील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-104 : सर्वांना नमस्कार. आपल्या गल्लीत रस्त्याचे खोदकाम सुरू झाल्यापासून घरात सगळ्यांचेच डोळे चुरचुरत आहेत. एका ग्रुपवर असा उपाय आला आहे की रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत गुलाबपाण्याचे दोन-दोन थेंब घालावेत आणि सकाळी वापरलेल्या टी-बॅग गार करून पापण्यांवर दहा मिनिटे ठेवाव्यात. कालपासून आम्ही तो सुरू केला आहे व बरे वाटते आहे. उपयोग होईल म्हणून येथे लिहिले.

बी-202 : वहिनी, आमच्या आजी उन्हाळ्यात आम्हा सगळ्या मुलांच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालत असत. थोडे झोंबायचे, मग गार वाटायचे. कोणाला काही झाल्याचे आठवत नाही.

सी-201 : मी नोकरीची बहुतेक वर्षे डोळ्यांच्या वॉर्डात आणि शस्त्रक्रियागृहात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कृपया आज रात्री हे थेंब कोणीही घालू नयेत. बाजारात मिळणारे साधे गुलाबपाणी हे चेहऱ्याला लावण्यासाठी किंवा खाद्यपदार्थांत घालण्यासाठी तयार केलेले असते. डोळ्यांत घालायचे औषध निर्जंतुक असावे लागते, म्हणजे त्यात एकही जिवंत जंतू असता कामा नये, आणि त्यातील क्षारांचे प्रमाण अश्रूंशी जुळावे लागते. गुलाबपाण्याच्या बाबतीत यांपैकी एकही अट पाळलेली नसते. बी-202 दादांनी लिहिलेले झोंबणे हे अश्रूंपेक्षा वेगळे पाणी, सुगंधी द्रव्ये आणि बाटली टिकावी म्हणून घातलेली रसायने डोळ्याला लागल्यामुळे होते. त्यानंतरचा गारवा खरा असतो, परंतु तो थोड्या वेळाचा असतो आणि त्यामुळे धूळही जात नाही व जंतूही मरत नाहीत.

बी-202 : आक्का, गुलाबपाणी तर ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफेपासून काढतात. वाफ जिथे झाली तिथे जंतू कसे राहतील?

सी-201 : प्रश्न योग्य आहे. वाफ थंड होऊन जे पाणी तयार होते ते त्या क्षणी बरेच शुद्ध असते. ते पुढे पिंपात साठवले जाते, नळीतून बाटलीत भरले जाते, आपण झाकण उघडतो, आणि या प्रत्येक टप्प्यावर जंतू आत जाऊ शकतात. सुडोमोनास नावाचा एक जिवाणू आहे. तो ओल्या जागी राहतो, बेसिनच्या तोंडाशी, नळाच्या जाळीत, आणि त्याला वाढायला फारसे अन्न लागत नाही. अगदी शुद्ध म्हणवल्या जाणाऱ्या पाण्यातही तो तग धरून वाढतो.

आता बाटली नीट पाहा. आपण प्लास्टिकची बाटली दाबतो तेव्हा थेंब बाहेर येतो, आणि बोटे सैल केली की ती बाटली बाहेरची हवा आत ओढून घेते. टोक जर पापणीच्या केसांना टेकलेले असेल, आणि स्वतःच्या हाताने थेंब घालताना ते बहुतेक वेळा टेकतेच, तर पापणीवरचा चिकट ओलावाही हवेबरोबर आत जातो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली थेंबांची बाटलीसुद्धा उघडल्यानंतर साधारण महिन्याभरात टाकून द्यायला सांगतात. घरातील गुलाबपाण्याची बाटली मात्र सहा-सहा महिने न्हाणीघराच्या फळीवर उभी असते व घरातील सगळेजण तीच वापरतात. घरी पाकळ्या उकळून केलेले पाणी तर आणखी लवकर बिघडते, कारण त्यात टिकवणारे काहीच नसते.

कारखान्यात खास डोळ्यांसाठी तयार केलेल्या थेंबांतही निर्जंतुकपणा राखला गेला नाही तर काय होते, हे 2023 साली अमेरिकेत दिसले. कृत्रिम अश्रूंच्या दूषित थेंबांमुळे तेथे याच सुडोमोनासचा, तोही बहुतेक औषधांना दाद न देणारा, संसर्ग पसरला. काहींची दृष्टी गेली आणि काहींचा मृत्यूही झाला. फडताळातल्या बाटलीची तर कोणी तपासणीही केलेली नसते.

डी-303 : मग आमच्या लहानपणी इतक्या मुलांना काही झाले नाही, याचे कारण काय?

सी-201 : अण्णा, आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावरील पेशींचा पातळ थर अखंड असेल तर सुडोमोनाससारख्या जंतूंना सहसा आत शिरता येत नाही, आणि अश्रू व पापण्या त्यांना धुऊन काढतात. म्हणून निरोगी डोळ्यांत दूषित थेंब पडूनही बहुतेक वेळा काही होत नाही. परंतु लोक गुलाबपाणी घालतात ते डोळ्यात काही गेले असेल, खुपत असेल, चोळून चोळून लाल झाला असेल तेव्हा, म्हणजे नेमका तो थर खरचटलेला असण्याची शक्यता असते तेव्हा. धोका तेथे आहे.

ए-301 : आक्कांनी लिहिलेले वाचून मला आमच्या मेहुण्यांची गोष्ट सांगणे भाग आहे. ते चिकोडी तालुक्यात असतात, स्वतःचा ऊस आहे. गेल्या गळीत हंगामात तोडणीच्या वेळी उसाच्या पाल्याची धार त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. दिवसभर खुपत होते. कचरा गेला असेल असे समजून घरच्यांनी रात्री गुलाबपाणी घातले व गार वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी तीन-चार वेळा घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी पापणी उघडेना, घाण हिरवट-पिवळी येऊ लागली, आणि खिडकीचा उजेडही त्यांना सहन होईना. आमच्या ताईने आरशाजवळ नेऊन पाहिले तेव्हा काळ्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग दिसत होता. तरीसुद्धा गावातल्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून घातले, एक दिवस लाली कमी झाली, आणि त्यानंतर दुखणे इतके वाढले की रात्रीच गाडी करून बेळगावला आणावे लागले.

सी-201 : तुम्ही तेव्हा मला विचारले होते, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे व तुमची हरकत नसेल तर लिहिते.

ए-301 : अवश्य लिहा, इतरांना उपयोग होईल.

सी-201 : डॉक्टरांनी सुन्न करणारे थेंब घालून त्या डागाच्या कडेचा अगदी थोडा भाग खरवडून काढला. त्यातला काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि उरलेला जंतू वाढवून ओळखण्यासाठी पाठवला. हे करावेच लागते, कारण पाल्याची, कडब्याची किंवा झाडाच्या फांदीची इजा असेल तर बुरशीचा संसर्गही होतो, आपल्या शेतीच्या भागात तो बऱ्यापैकी आढळतो, आणि बुरशीचे औषध पूर्ण वेगळे असते. त्यांच्या बाबतीत सुडोमोनास निघाला. हा जंतू अशी द्रव्ये सोडतो की पारपटल अक्षरशः विरघळू लागते, आणि एक-दोन दिवसांत छिद्र पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पहिले दोन दिवस त्यांना रात्रंदिवस दर तासाला थेंब घातले गेले. डोळा वाचला. मात्र जखम बुबुळाच्या मध्यभागी होती, तेथे फूल पडले, आणि आज त्या डोळ्याने त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जंतू पाल्याबरोबर गेला की गुलाबपाण्याबरोबर, हे सिद्ध करता आले नाही, कारण ती बाटली तोपर्यंत टाकून दिलेली होती. परंतु उघड्या जखमेवर वारंवार निर्जंतुक नसलेले पाणी पडले आणि उपचाराला उशीर झाला, एवढे निश्चित आहे. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली उतरते, त्यामुळे बरे झाल्यासारखे वाटते, आणि आत जंतूंना मोकळे रान मिळते. चिठ्ठीशिवाय असे थेंब घेऊ नयेत.

बी-202 : आणि टी-बॅगचे काय? ती तर उकळत्या पाण्यातून निघालेली असते.

सी-201 : उकळत्या पाण्यातून निघते, पण डोळ्यावर जाते ती बऱ्याच वेळाने. चहाच्या पानांवर काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते कपातल्या गरम पाण्याने मरत नाहीत. पिशवी ओट्यावरच्या बशीत कोमट होत पडली की तो ओलावा त्यांना आणि हाताबोटांवरून आलेल्या इतर जंतूंना मानवतो. वापरलेली पिशवी बोटांत दाबून पाहा, तपकिरी पाण्याबरोबर चहाची बारीक भुकटी बाहेर येते. तीच भुकटी पापण्यांच्या मुळांशी आणि डोळ्यात जाते, खुपते, आणि माणूस डोळा चोळतो. एका डोळ्याला संसर्ग असताना तीच पिशवी दुसऱ्यावर ठेवली तर तो तिकडेही जातो. टी-बॅगने जो आराम मिळतो तो चहाचा कमी आणि गारव्याचा किंवा उबेचा जास्त असतो, तेव्हा तेवढाच घ्यावा. डोळे सुजल्यासारखे वाटत असतील तर स्वच्छ रुमाल थंड पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवावा.

डी-303 : नातवाला पापणीवर रांजणवाडी झाली आहे. सुनेने कालच टी-बॅगने शेकले.

सी-201 : अण्णा, रांजणवाडीला ऊब चांगली, फक्त ती स्वच्छ कापडाची असावी. धुतलेला सुती रुमाल मनगटाला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावा व पाच ते दहा मिनिटे मिटलेल्या पापणीवर धरावा, गार झाला की पुन्हा बुडवावा, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. ती फोडू नये. सूज सगळ्या पापणीवर पसरली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे न्यावे.

ई-102 : डोळ्यात धूळ गेली तर साध्या पाण्यानेही धुवू नये का?

सी-201 : धुवावे. ताज्या स्वच्छ पाण्याने हात धुऊन डोळा मोकळेपणाने धुवावा. चुना किंवा एखादे रसायन उडाले तर एक क्षणही न दवडता निदान पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार सोडावी व तसेच दवाखान्यात जावे, कारण तेव्हा रसायनाचा धोका जंतूंपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण धुऊनही खुपणे राहिले तर डोळ्यात घरचे काहीही घालू नये. नुसता कोरडेपणा असेल तर औषधाच्या दुकानात कृत्रिम अश्रू मिळतात, ते पुरेसे आहेत. गुलाबाचा अर्क असलेले काही थेंब डोळ्यांसाठी म्हणून विकले जातात, ते वेगळे. लेबलवर ते डोळ्यांचे थेंब असल्याचे आणि निर्जंतुक असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती बाटली डोळ्याजवळ नेऊ नये.

ए-104 : आक्का, मी बाटली पाहिली. तिच्यावर फक्त बाह्य वापरासाठी असे लिहिले आहे. आणखी एक विचारायचे आहे. मोठी मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते व काल लेन्स असतानाच तिने थेंब घातले होते. आज दुपारपासून तिचा डावा डोळा दुखतो आहे आणि ट्यूबलाइटकडे पाहवत नाही.

सी-201 : वहिनी, उद्यापर्यंत थांबू नका, आत्ताच निघा. लेन्स आणि पारपटल यांच्या मध्ये दूषित पाणी अडकून राहते, आणि लेन्समुळे वरचा थर बारीक खरचटलेलाही असू शकतो. हात धुऊन दोन्ही लेन्स काढायला सांगा, पण त्या टाकून देऊ नका. लेन्स, लेन्सची डबी, तिच्यातले द्रावण आणि गुलाबपाण्याची बाटली अशा सगळ्या वस्तू बरोबर घ्या, कारण जंतू ओळखण्यासाठी डॉक्टर त्यांचीही तपासणी करू शकतात. डोळ्यावर पट्टी बांधू नका, बंद डोळ्याच्या उबेत जंतू अधिक वेगाने वाढतात. लाली घालवणारे थेंब घरात असले तरी घालू नका.

ई-102 : माझी गाडी खाली उभी आहे, वहिनी. पाच मिनिटांत फाटकाशी येतो.