डोशाचा तवा: नॉनस्टिक, स्टील की बीड?

*ए-३०२:* काकू, माझा नॉनस्टिक तवा पुन्हा गेला. मधलं कोटिंग उडालंय, घावन नेमकं तिथेच चिकटतं. या वेळी दीड हजाराचा जाड घेऊ का?

*बी-१०४:* थांब गं, घाई करू नकोस. माझ्या वहीत आठ वर्षांचा हिशोब आहे. नॉनस्टिकचे तीन तवे झाले, ९०० चा एक. म्हणजे २७००, वर्षाला ३३७ रुपये. बिडाचा तवा तेव्हाच गणपती पेठेतून ११०० ला आणला. वर्षाला १३७ पडले आणि तो अजून ठणठणीत आहे.

*सी-२०१:* वहिनी, यात गॅस धरलात का? बीड तापायला वेळ लागतो.

*बी-१०४:* बरं विचारलंत भाऊजी. मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस खातो. चार मिनिटं जादा म्हणजे १० ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० चा धरला तर ६३ पैसे. आठवड्यातून दोनदा तवा चढतो, वर्षाचे धरा ६५ रुपये. सगळे मिळून २०२. तरी स्वस्तच.

आणि ए-३०२, माझे पहिले दोन नॉनस्टिक दोन-दोन वर्षांत गेले, कारण मी ते मोठ्या आचेवर रिकामे तापवायचे. २६० अंशांच्या वर कोटिंग खराब व्हायला लागतं, आणि रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो. तिसरा मध्यम आचेवर, लाकडी उलथन्याने वापरला. तो चार वर्षं टिकला. म्हणून नुसत्या जाडीला पैसे घालू नकोस, आच सांभाळ. सासूबाईंना बीड उचलवत नसेल तर ९०० चा नॉनस्टिकच बरा.

*ए-३०२:* मग स्टीलचा?

*बी-१०४:* घावनाला नको, चिकटतं. आमटीला मात्र स्टीलच. बिडात चिंच-टोमॅटो शिजवलं की तेलाचा थर सुटतो आणि आमटी काळपट होते. माझी स्टीलची कढई १८०० ची, बारावं वर्ष चालू आहे. वर्षाला १५०.

*डी-४०३:* काकू, माझा बिडाचा तवा गंजलाय. भंगारात द्यायला काढलाय.

*बी-१०४:* अहो देऊ नका! तारेच्या घासणीने तांबूस गंज निघून जाईपर्यंत घासा, धुऊन लगेच गॅसवर कोरडा करा. थोडं तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसा, की तेल लावलंय हे दिसूही नये. धूर येईपर्यंत तापवा, आपोआप गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. तेल जास्त राहिलं तर तवा चिकट होतो, तिथेच बहुतेकांचं चुकतं.

*डी-४०३:* एकदा गरम तव्यावर गार पाणी ओतलं होतं, तेव्हा टक्‌ आवाज आला होता.

*बी-१०४:* मग आधी तडा बघा. कडेला दोरीने धरून चमच्याने टिचकी मारा. घणघणला तर घासायला घ्या. बद्द आवाज आला तर तडा गेलाय, तो खरंच भंगारात द्या.