मदत हवी आहे: डोव्हर बंदरावर किती वेळ हाताशी ठेवू?

जुलैत शाळा सुटल्यावर शनिवारी लेस्टरहून पॅरिसला गाडीने निघतोय. फेरीचा प्रवास दीड तासाचाच, पण मागच्या वेळी आमची फेरी डोळ्यांदेखत सुटली. फ्रेंच पासपोर्ट तपासणी डोव्हरलाच, फेरीत चढण्याआधी होते, हे गणितात धरलंच नव्हतं. आमचे भारतीय पासपोर्ट. व्हिसा तपासून शिक्के मारेपर्यंत चेक-इन बंद झालं! शिवाय कॅलेचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे हॉटेलला पोहोचायला मध्यरात्र झाली.

आता तिथे बोटांचे ठसेही घेतात. दोन मुलं सोबत आहेत, तर तीन तास आधी पोहोचलं तर पुरेल का? की पहाटेची फेरी घ्यावी? आईने दिलेलं साजूक तूप कस्टम्समुळे घरीच ठेवतोय. अलीकडे गेलेल्यांनी कृपया सांगा.