उतरत्या छपराखाली सेल्युलोज, लोकर, बूच की हेंप? ओल आणि आगीबद्दल मदत हवी आहे

मृण्मयी_लेस्टर
आमचं घर लेस्टरला आहे, 1898 सालचं, एकाला एक लागून असलेल्या ओळीतलं. वरच्या मजल्यावर छपराच्या उताराखाली एक खोली आहे, तिचं जुनं प्लास्टर काढतोय. वासे 100 मिमी खोल, वर स्लेट, स्लेटखाली जुना डांबरी फेल्ट. जानेवारीत एका कोपऱ्यातलं प्लास्टर काढलं तर फेल्टच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते आणि वाशांवर काळे डाग होते.

बिल्डर म्हणतो, फोमचे बोर्ड ठोका आणि मोकळे व्हा. मला फोम नको आहे. सेल्युलोज, मेंढीची लोकर, बूच आणि हेंप, चारही ओल "सांभाळतात" असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, पण सांभाळतात म्हणजे नक्की काय करतात? दुसरी भीती आगीची. सेल्युलोज म्हणजे शेवटी रद्दीच. त्यात टाकणखार आणि बोरिक आम्ल घालतात असं कळलं. मार्चमध्ये बाळ येणार आहे आणि ही खोली त्याचीच असेल, म्हणून जास्त जपून विचारते आहे.

धनगरवाडा
डोळे मिटून लोकर घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात आजोबा घोंगडी पांघरून रानात जायचे, आतून कोरडे यायचे. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्के बाष्प पिते आणि हाताला ओली लागत नाही. पेट घ्यायला तिला जवळजवळ 600 अंश लागतात, ज्वाळा काढली की विझते. म्हणजे औषध नको, आतून प्लास्टिकचा पडदाही नको. सगळं पाणी लोकरच पिऊन घेईल.

भिंतवाला
ब्रिस्टलमध्ये जुन्या घरांच्या इन्सुलेशनचं काम करतो. मृण्मयी, आधी एक सांगा: थेंब पावसानंतर दिसतात की कोरड्या, कडक थंडीच्या सकाळी?

मृण्मयी_लेस्टर
कोरड्या सकाळी. त्या आठवड्यात पाऊस नव्हताच, बाहेर दव गोठलं होतं.

भिंतवाला
मग छप्पर गळत नाहीये. तुमच्या आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ फटींमधून वर जाते आणि गार फेल्टवर पाणी होऊन बसते. डांबरी फेल्टमधून वाफ बाहेर पडत नाही. त्यामुळे कुठलंही इन्सुलेशन घातलं तरी फेल्टखाली 50 मिमी मोकळी वाट ठेवावी लागेल, वळचणीतून आत आणि आढ्यातून बाहेर वारा खेळेल अशी. ती वाट बुजली तर चारांपैकी काहीही वापरा, वासे कुजतील.

धनगरवाडा, घोंगडीचं खरं आहे, पण हिशोब करू. छपराचा उतार समजा 30 चौरस मीटर. 100 मिमी जाडीची हलकी लोकर साधारण 54 किलो भरते. तिचे तीस टक्के म्हणजे 16 लिटर. पण घरात ठेवलेली लोकर मुळातच निम्म्यापर्यंत भरलेली असते, म्हणजे उरली आठेक लिटरची जागा. चौघांचं घर दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी हवेत सोडतं. त्यातलं थोडंच वर जातं, तरी थंडी तीन महिने चालते. लोकर एखादी वाईट रात्र सांभाळेल, आख्खा हिवाळा नाही. त्यामुळे आतल्या बाजूला हवाबंद पडदा हवाच. साधं प्लास्टिक नको. कोरड्या हवेत मिटणारा आणि ओलाव्यात उघडणारा पडदा मिळतो, तो घ्या. कडेच्या विटांना आणि दिव्यांच्या वायरींभोवती तो चिकटवताना कसूर झाली की पुन्हा तेच थेंब.

आणि लोकरीला औषध लागतं ते आगीपेक्षा कसरीसाठी. तिथेही बऱ्याचदा टाकणखारच असतो. बिनऔषधाच्या लोकरीला कसर लागून पुढे घरभर कपड्यांना लागलेली मी पाहिली आहे.

सावंतवाडीकर
माझा प्रश्न जोडतो. आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, खोलीत एसी आहे. पत्र्याखाली सेल्युलोज फवारून घेतलं तर चालेल का? आणि तो पडदा आम्हीही आतूनच लावायचा ना?

भिंतवाला
आतून लावू नका. कोकणात पावसाळ्यात वाफ बाहेरून गार खोलीकडे येते, ती त्या पडद्यावरच अडकेल. आणि पत्रा कुठेतरी ठिबकणारच. सेल्युलोजमधला टाकणखार पाण्यात विरघळतो. बाष्पाने काही होत नाही, पण पाणी झिरपत राहिलं तर क्षार वाहून जातात, मग आगीचं आणि बुरशीचं दोन्ही संरक्षण पातळ होतं. तुम्हाला वेगळा धागा काढावा लागेल.

लेणीप्रेमी
हेंपवरून आठवलं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात हेंपचे म्हणजे भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, 2016 मध्ये त्यावर शोधनिबंध आला होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि तिथे किड्यांनी जास्त नुकसान केलंय. दीड हजार वर्षं टिकलं म्हणजे हेंपच घ्या!

भिंतवाला
सुंदर उदाहरण, पण तिथे भांग गिलाव्यात कालवलेली आहे. चुन्यात कालवलेला हेंप आजही मिळतो आणि आगीत उत्तम वागतो, कारण प्रत्येक काडीला चुन्याचा लेप असतो. मात्र तो जड असतो आणि वाळायला महिने लागतात. वाशांमध्ये बसतो तो हेंपचा मऊ पट्टा. त्यात दहा-पंधरा टक्के पॉलिएस्टर आणि आगीसाठी बहुधा सोडा असतो. बाष्प लोकरीपेक्षा कमी पितो, पण कसर लागत नाही.

मृण्मयी_लेस्टर
म्हणजे आगीत सगळ्यात बरं कोण?

भिंतवाला
उघड्यावर ठेवले तर बूच, लोकर, हेंपचे पट्टे युरोपच्या आगीच्या चाचणीत बहुतेक E या खालच्या वर्गातच येतात. त्या चाचणीत छोटी ज्योत पंधरा सेकंद लावतात, बस्स. खोलीतल्या आगीपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे आतला जिप्समचा बोर्ड, सांधे नीट भरलेला. मला आगीपेक्षा धुमसण्याची काळजी वाटते. सेल्युलोज आणि बूच ज्वाळा न दिसता आत धुमसत राहू शकतात. म्हणून छतात गाडलेले दिवे नकोत, आणि धुराड्याभोवती यातलं काहीच नको, तिथे दगडी लोकर लावा.

बूच मला फार आवडतं. त्याला ना औषध, ना डिंक. वाफेच्या उष्णतेने स्वतःच्याच राळेने चिकटतं आणि पाणी जवळजवळ पीतच नाही. पण 1898 च्या वाकड्या वाशांमध्ये कडक बोर्ड कापून बसवला की कडेला फटी राहतात. ते वाशांखाली सलग लावायला ठीक.

तुमच्याकडे वाशांमध्ये 50 मिमी लोकर किंवा हेंप, खाली आडव्या पट्ट्या ठोकून आणखी 100. बिल्डिंग कंट्रोल U-मूल्य, म्हणजे छपरातून उष्णता निसटण्याचा दर, 0.16 मागेल, त्याला एकूण 240 मिमी लागतात. म्हणजे हे 150 कमी पडतात, पण उंची जात असेल तर हिशोब लेखी देऊन कमी जाडी मान्य करून घेता येते. काम झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात वाशात ओलावा मोजायची सुई टोचत राहा. वीस टक्क्यांवर आठवडे राहिली तर पडदा कुठेतरी फाटलाय.

प्राची_के
मी फ्रान्समध्ये राहते. इथे काही वर्षांपूर्वी टाकणखार-बोरिक आम्लाऐवजी अमोनियमचे क्षार घालून सेल्युलोज विकलं गेलं. ओल लागली की घरात अमोनियाचा वास यायचा, शेवटी 2013 मध्ये त्यावर बंदी आली. घ्यायचंच असेल तर पिशवीवर कोणता क्षार आहे ते वाचा. पण बोरिक आम्लही 2010 पासून युरोपच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, प्रजननाला घातक म्हणून. गरोदरपणात मी ते घरात आणलं नसतं.

भिंतवाला
धोका धुळीचा असतो, फवारताना आणि कापताना. बोर्ड आणि पडद्यामागे बंद झाल्यावर संपर्क फारसा राहत नाही असं मी मानतो. पण गरोदर बाईने काम चालू असताना त्या घरात राहू नये.

प्राची_के
आणि बाळ मोठं होऊन भिंतीत खिळे ठोकेल तेव्हा? मला पटत नाही.

मृण्मयी_लेस्टर
सेल्युलोज सोडलं. हेंपकडे कल आहे, त्यात सोडाच आहे ना ते विक्रेत्याला लेखी विचारते. एक अडकलं आहे: शेजाऱ्याचं आणि आमचं धुराडं एकच आहे. आमची शेगडी बंद आहे, पण तो अजून लाकडं जाळतो. दगडी लोकर किती रुंद ठेवू, आणि त्याच्या बाजूच्या नळकांड्याची तपासणी करायला त्याला कसं सांगू?