‘तिला वाटलं’ नसेल तर विचार कुणाचा?

‘“तिला वाटलं” लिहिलेलंच नाही, मग हा विचार निवेदकाचा की पात्राचा?’

इंग्रजी कथेत पात्राचा विचार असा मांडताना क्रियापदाचा काळ मागे सरकतो, तिथून सुगावा लागतो. मराठीत तो सहसा सरकत नाही, म्हणून सर्वनाम आणि नात्याचे शब्द बघायचे. हे बघा: ‘सुमन स्वारगेटला उतरली. पाऊस कोसळत होता. आता रिक्षावाल्याशी घासाघीस! उद्या सासूबाई येणार, घरात साखरेचा कण नाही. सगळं तिनंच का निस्तरायचं?’

‘तिनं’ निवेदकाचं, ‘उद्या’, ‘सासूबाई’ आणि तो वैताग सुमनचा. निव्वळ निवेदक ‘दुसऱ्या दिवशी तिची सासू येणार होती’ म्हणाला असता. ‘तिनंच’च्या जागी ‘मीच’ घातलंत, तर ते सरळ स्वगत होतं. ‘पाऊस कोसळत होता’ मात्र दोघांपैकी कुणाचंही असू शकतं. तिथे मी तरी हट्ट धरत नाही.