मदत हवी आहे: जलोदराच्या रुग्णाचं कोरडं वजन ५०, ५५ की ६५? कॅलरी कशावर धरायच्या?

स्नेहल_पथ्य
जिल्हास्तरावरच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पुरुष, वय ५२, दारूमुळे लिव्हर सिरॉसिस. पोट ताणलेलं, दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज. उंची १६५ सेंमी, भरती होताना वजन ६८.४ किलो. दुसऱ्या दिवशी पोटातलं ६ लिटर पाणी काढलं, त्यानंतर वजन ६२.५.

भरतीच्या वजनातून जलोदराचे १५ टक्के आणि सुजेचे ५ टक्के वजा केले तर ५४.७ येतात. पाणी काढल्यानंतरच्या वजनातून तेवढेच वजा केले तर ५०. निवासी डॉक्टर म्हणतात, उंचीतून १०० वजा करा, ६५ धरा. किलोमागे ३५ कॅलरी धरल्या तर १७५० ते २२७५ असा फरक पडतो. कोणता आकडा धरू?

वॉर्ड_नोंदी
टक्क्यांऐवजी किलोचा तक्ता वापरा. जलोदर सौम्य असेल तर २.२, मध्यम ६, तीव्र १४ किलो. सूज सौम्य १, मध्यम ५, तीव्र १० किलो. तुमच्या रुग्णाचे १४ आणि ५ वजा केले की ४९.४. म्हणजे ५० बरोबर आहे.

काळजीवाहू_सून
सासऱ्यांचं ड्राय वेट ५२ ठरवलंय, डायलिसिसला दर वेळी त्यावरच आणतात. तुमच्या पेशंटचं पाणी तसंच मशीनने काढून बघता येणार नाही का? मग खरं वजन कळेलच की.

यकृत_आहार
सूनबाई, शब्द एकच असला तरी अर्थ वेगळा आहे. डायलिसिसमधलं ड्राय वेट म्हणजे सत्र संपताना गाठायचं लक्ष्य. बीपी, पायात येणारे गोळे, धाप हे बघून ते ठरवतात आणि पुढे बदलतातही. सिरॉसिसमध्ये पाणी पोटाच्या पोकळीत साठलेलं असतं, ते तसं मशीनने ओढता येत नाही. इथे कोरडं वजन हा फक्त हिशोबासाठी बांधलेला अंदाज असतो. सासऱ्यांच्या आहाराबद्दल तिथल्याच आहारतज्ज्ञांना विचारा, हे आकडे त्यांना लावू नका.

स्नेहलताई, ५० मध्ये एक चूक आहे. पोट ताणलेलं होतं तेव्हाचे १५ टक्के, आणि ते तुम्ही ६ लिटर निघून गेल्यावरही वजा केलेत. एकच पाणी दोनदा वजा झालं. टक्केवारी नेहमी वजन घेतलं त्या क्षणी पोट जसं आहे त्यावर लावायची: सौम्य ५, मध्यम १०, तीव्र १५, आणि दोन्ही पायांना सूज असेल तर आणखी ५. पाणी काढल्यावर पोट मऊ पडलं असेल, कडेला थोडंच उरलं असेल, तर ५ अधिक ५, म्हणजे १० टक्के. ६२.५ मधून १० टक्के गेले की ५६.३ उरतात. पहिला अंदाज ५४.७ होता. दोन वेगळ्या दिवसांच्या अंदाजांत साधारण दीड किलोचाच फरक आला, म्हणजे हिशोब जुळतोय.

६ लिटर काढून वजन ५.९ किलोनेच उतरलं, यात काही चुकलेलं नाही. लिटरमागे ८ ग्रॅमप्रमाणे अल्ब्युमिन दिलं असेल तर २० टक्क्यांच्या बाटल्यांतून साधारण २४० मिली आत गेलं.

वॉर्ड_नोंदी, तुमचा तक्ता खरा आहे, पण त्याला माणसाची चण दिसत नाही. ४५ किलोच्या बाईचे १९ वजा केलेत तर २६ किलो उरतील. आडव्या बांध्याच्या माणसात तो कदाचित बसेल, आपल्याकडच्या बारीक चणीच्या रुग्णांत फसतो.

वॉर्ड_नोंदी
मान्य, ४५ चं उदाहरण डोक्यात नव्हतं. पण उंचीवरून ६५ धरण्यात काय वाईट? मार्गदर्शिकेतही पाणी भरपूर असलं तर आदर्श वजन वापरायला सांगितलंय.

यकृत_आहार
सांगितलंय, कारण कोरडं वजन अजिबात काढता येत नसेल तर काहीतरी हवं. इथे जुळणारे दोन अंदाज हातात आहेत. मुरलेल्या कुपोषणाच्या माणसाला पहिल्याच दिवशी ६५ च्या हिशोबाने २२७५ कॅलरी लिहिल्या, तर ताट तसंच परत येईल किंवा रीफीडिंगचा, म्हणजे उपाशी शरीराला एकदम जास्त अन्न मिळून रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम घसरण्याचा, धोका होईल. पुढे भरून काढायचं लक्ष्य म्हणून ६५ ठेवायला माझी ना नाही.

ताई, आता दंड बघा. दंडाला सूज नसेल तर खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या मध्यावर टेप लावा, हात सैल सोडलेला. पोट-पायातल्या पाण्याने हा आकडा फारसा बिघडत नाही. २३.५ सेंमीपेक्षा कमी आला तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता जास्त.

स्नेहल_पथ्य
मोजला. उजवा दंड २१.५. आणि दोन आठवडे घरी जेमतेम ६०० कॅलरी पोटात जात होत्या, म्हणजे चहा-बिस्किटं आणि थोडा भात. पोटॅशियम ३.१. फॉस्फरस आमच्याकडे होत नाही.

यकृत_आहार
२१.५ म्हणजे ५५ किलो, बीएमआय २० ही वरचीच बाजू असावी. खरं वजन ५२ च्या आसपासही असू शकतं. यापुढे टक्के-किलोचं गणित जास्त नेमकं होणार नाही. ५५ आणि ५२ मधला फरक दिवसाला १०० कॅलरींचा आहे, म्हणजे साधारण अर्धी-पाऊण भाकरी. त्याच्यापायी अडकू नका.

केस पेपरवर कोरडं वजन ५५ लिहा, पण सोबत कोणत्या दिवशीचं वजन, किती टक्के वजा केले आणि दंड किती, हेही लिहा. नाहीतर पुढच्या राउंडला कुणीतरी ५५ मधूनच परत १० टक्के वजा करतं. ३५ प्रमाणे लक्ष्य १९०० च्या थोडं वर, प्रथिनं १.२ ते १.५ प्रमाणे ६६ ते ८२ ग्रॅम. पण सुरुवात तिथून नको. आधी थायमिन, पोटॅशियमची दुरुस्ती आणि किलोमागे २० कॅलरी, म्हणजे ११००. तीन-चार दिवसांत १५०० आणि मग १९००. फॉस्फरस बाहेरून करून घेता आला तर नक्की करा. झोपण्यापूर्वी एक ज्वारीची भाकरी आणि कपभर दूध, साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे रात्रीचा उपास लांबत नाही. दुधामुळे प्रथिनांतही थोडी भर पडते.

पायरी_पायरी
पाणी उतरवायच्या गोळ्या चालू आहेत ना? मग दिवसाला किलोभर वजन उतरलं की घरचे म्हणतात, पेशंट सुकत चाललाय, जेवणातलं सगळं बंद करा. त्यांना काय सांगायचं? आणि वजन वाढलं तर सुधारणा समजायची का?

यकृत_आहार
पायांना सूज असेल तर गोळ्यांवर दिवसाला १ किलोपर्यंत उतरणं ठीक, सूज नसेल तर अर्धा किलो. हे पाणी आहे, मांस नाही. उलट पाणी काढल्यावर आठवड्याभरात ३ किलो वाढले तर ते बहुतेक परत साचलेलं पाणी असतं, जेवणाचं यश नाही. रोजचं वजन पाण्यासाठी वापरा: तोच काटा, सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी. पोषणासाठी मात्र दोन-तीन आठवड्यांनी दंड आणि जमलं तर हाताची पकड बघा.

स्नेहल_पथ्य
५५ लिहिलं, खाली गणितही लिहिलं. आज ताटातलं वजा जाता ९५० कॅलरी गेल्या, भाकरी रात्री निम्मी राहिली. निवासी डॉक्टर अजून ६५ वरच आहेत, उद्या दंडाचा आकडा दाखवते. दोन्ही दंड मोजावे का, की सलाईन नसलेल्याच हाताचा घ्यायचा?

यकृत_आहार
सलाईन नसलेल्या हाताचाच. आणि दर वेळी तोच हात.